पोझिशन पास, पण झाकण चढत नाही: प्रेस फिट डॉवेल आणि प्रोजेक्टेड टॉलरन्स झोनची उंची

तळाची प्लेट आणि झाकण हे दोन्ही जॉब तपासणीत पास होतात, सीएमएम या मोजणी यंत्राच्या रिपोर्टवर एकही आकडा लाल नसतो, आणि तरीही जुळणीच्या टेबलावर काही झाकणे डॉवेलच्या, म्हणजे जागा नेमकी ठरवणाऱ्या पिनच्या, टोकाशीच अडतात किंवा अर्ध्यावर जाऊन आवळतात. मरोळ, साकीनाका, भांडुप या भागांतल्या गाळ्यांमध्ये एका ठिकाणी तळ, दुसऱ्या ठिकाणी झाकण आणि तिसऱ्या ठिकाणी जुळणी अशी कामाची विभागणी नेहमीची असल्यामुळे या तक्रारीला मालक सापडत नाही. तळ करणारा आपला रिपोर्ट दाखवतो, झाकण करणारा आपला, आणि मधल्या मध्ये फिटर झाकणाच्या होलमध्ये रिमर फिरवून ते मोठे करतो. त्या दिवसाचे काम निघते, पण पुढच्या लॉटमध्ये तीच अडचण पुन्हा समोर येते.

या तक्रारीची कारणे अनेक असू शकतात. येथे त्यांपैकी एकाचाच विचार केला आहे, कारण ते रिपोर्टमध्ये दिसत नाही आणि म्हणून वारंवार उद्भवते. ड्रॉइंगवर होलच्या जागेची सूट सांगणाऱ्या पोझिशनच्या चौकटीत वर्तुळातला पी, म्हणजे प्रोजेक्टेड टॉलरन्स झोनची खूण, आणि त्याच्यापुढे एक उंची लिहिलेली असते, परंतु तपासणीत ती उंची वापरलीच जात नाही, किंवा वापरली जाते पण मुळात ती उंचीच चुकीची लिहिलेली असते. हे दोन दोष एकमेकांवर बसलेले असतात. पहिला दुरुस्त केल्यावर तक्रारी कमी होतात, संपत नाहीत, आणि मग लोक पुन्हा हवामानाला, रिमरला किंवा ऑपरेटरला दोष देऊ लागतात.

चौकट नेमके काय सांगते

उदाहरणासाठी घेतलेला जॉब असा आहे. तळाची प्लेट १६ मिलिमीटर जाडीची आहे आणि तिच्यात १० मिलिमीटर व्यासाची दोन आरपार होल एन७ टॉलरन्सची आहेत. त्यांत एम६ टॉलरन्सची, ४० मिलिमीटर लांबीची कठीण केलेली डॉवेल खालच्या पृष्ठभागाशी सपाट येईपर्यंत दाबून बसवायची आहे, म्हणजे वर २४ मिलिमीटर डॉवेल उभी राहते. एन७ होलचा व्यास ९.९८१ ते ९.९९६ आणि एम६ डॉवेलचा व्यास १०.००६ ते १०.०१५ असतो, त्यामुळे कोणत्याही जोडीत डॉवेल होलपेक्षा किमान १० मायक्रॉन मोठी असते, ताणाने घट्ट बसते आणि डॉवेल होलच्या अक्षालाच धरून उभी राहते. झाकण २० मिलिमीटर जाडीचे आहे. ते हाताने चढावे आणि हाताने निघावे अशी अपेक्षा असल्यामुळे त्याची होल किमान १०.१२ व्यासाची ठेवली आहेत. ड्रॉइंगवर तळाच्या होलसाठी चौकट अशी होती:

```
⌖ | ⌀0.05 Ⓟ 20 | A | B | C
```

डेटम ए म्हणजे मोजणीचा आधार धरलेली तळाची वरची बाजू, जिच्यावर झाकण टेकते. वर्तुळातला पी नसता तर ०.०५ व्यासाचा दंडगोल प्लेटच्या जाडीत, म्हणजे ए पासून खाली १६ मिलिमीटरपर्यंत, धरावा लागला असता आणि होलचा अक्ष तेवढ्या भागात त्या दंडगोलाच्या आत असणे पुरेसे ठरले असते. वर्तुळातला पी आल्यावर तो दंडगोल प्लेटमधून उचलून ए च्या वर हवेत ठेवला जातो. होल खालीच राहते, पण त्याचा अक्ष वर वाढवून तो ए पासून दिलेल्या उंचीपर्यंत दंडगोलाच्या आत राहतो की नाही हे पाहायचे असते. प्लेटच्या आत अक्ष कोठे आहे याला या चौकटीत थेट बंधन उरत नाही. डॉवेलचा जो भाग काम करतो तो प्लेटबाहेर असतो, त्यामुळे ही व्यवस्था अगदी रास्त आहे.

उंची चौकटीत लिहिलेली सापडली नाही तर ड्रॉइंगच्या दृश्यात पाहावे. जुन्या ड्रॉइंगवर ती चौकटीखालच्या वेगळ्या खणात असते, आणि आयएसओ पद्धतीच्या ड्रॉइंगवर होलच्या बाहेर काढलेल्या बारीक साखळी रेषेवरच्या मापाआधी वर्तुळातला पी असतो. ही साखळी रेषा आणखी एक गोष्ट सांगते, ती म्हणजे दंडगोल कोणत्या बाजूला वाढवायचा. आरपार होलमध्ये दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. सीएमएमवर जॉब उलटा बांधला असेल आणि प्रोग्रॅममध्ये ए ची दिशा बदललेली नसेल, तर उंची डॉवेलच्या उलट दिशेला मोजली जाते आणि रिपोर्ट मात्र शांतपणे हिरवा येतो. तक्रार तपासताना सर्वांत आधी हे पाहावे, कारण याला दोन मिनिटेही लागत नाहीत.

एकाच होलचे तीन निकाल

आता अडलेल्या लॉटमधल्या एका होलचे आकडे घेऊ. ए च्या पातळीवर होलचा केंद्रबिंदू आपल्या नेमक्या जागेपासून क्ष दिशेत +०.००८ आणि य दिशेत −०.००६ सरकलेला होता. खालच्या तोंडाशी, म्हणजे १६ मिलिमीटर खाली, तोच केंद्रबिंदू क्ष दिशेत −०.००४ आणि य दिशेत −०.००६ वर होता. म्हणजे य दिशेत अक्ष उभाच आहे आणि क्ष दिशेत तो १६ मिलिमीटरला १२ मायक्रॉन कलला आहे.

पहिला निकाल पी न वाचता येतो. वरच्या तोंडाशी केंद्राचे अंतर ०.०१० आहे, खालच्या तोंडाशी ते सुमारे ०.००७ आहे, आणि पोझिशन म्हणजे मोठ्या अंतराची दुप्पट, म्हणून ०.०२०. ०.०५ ची सूट असताना हा जॉब उत्तम म्हणून पुढे जातो. गाळ्यातून सीएमएम लॅबमध्ये गेलेल्या बहुतेक जॉबचे रिपोर्ट असेच बनतात. प्रोब होलमध्ये एकाच खोलीवर फिरवून वर्तुळ घेतले जाते आणि त्याच्या केंद्राची पोझिशन छापली जाते. एका वर्तुळात कल असा नसतोच, त्यामुळे त्या पद्धतीत हा दोष दिसण्याची शक्यताच नाही.

दुसरा निकाल ड्रॉइंगप्रमाणे २० मिलिमीटर उंची घेऊन येतो. १६ मिलिमीटरला १२ मायक्रॉन, म्हणून २० मिलिमीटरला १५ मायक्रॉन. तेथे अक्ष क्ष दिशेत ०.०२३ आणि य दिशेत −०.००६ वर पोहोचतो, अंतर ०.०२३८ होते आणि पोझिशन ०.०४७६. जॉब अजूनही पास आहे, पण काठावर. पहिल्या निकालाच्या तुलनेत आकडा दुपटीहून अधिक झाला आणि होल मात्र तेच आहे.

तिसरा निकाल डॉवेलच्या खऱ्या उंचीला, म्हणजे २४ मिलिमीटरला, काढला तर क्ष दिशेत ०.०२६, य दिशेत −०.००६, अंतर ०.०२६७ आणि पोझिशन ०.०५३ येते. जॉब नापास. चार मिलिमीटरच्या फरकाने निकाल उलटला.

हिशोब करताना एवढे लक्षात ठेवले की पुरे: अक्ष सरळ रेषा आहे आणि झोनचाही मध्य सरळ रेषा आहे, म्हणून दोघांमधले सर्वांत मोठे अंतर नेहमी कोणत्या तरी एका टोकाला येते. त्यामुळे ए ची पातळी आणि पूर्ण उंचीची पातळी अशा दोनच ठिकाणी अंतर काढायचे आणि मोठे ते नोंदवायचे. फक्त वरचे टोक पाहून चालत नाही. मुळाशी सरकलेले पण उलट्या दिशेला कललेले होल वरच्या टोकाशी अचूक जागी पोहोचू शकते, आणि तेही नापासच असते.

उंची झाकणाच्या जाडीएवढी का नको

ड्रॉइंगवर २० लिहिणाऱ्याने विचार केलेला होता, तो अर्धवट राहिला एवढेच. झाकण २० मिलिमीटर जाड आहे, बसल्यावर डॉवेलचा खालचा २० मिलिमीटर भागच होलमध्ये असतो आणि वरचे ४ मिलिमीटर झाकणाच्या वर मोकळे असतात, मग त्यांचे बंधन कशाला, असा तो विचार. आटेदार होल आणि स्क्रू यांच्या बाबतीत तो अगदी बरोबर आहे. तेथे झाकण आधी आपल्या जागी ठेवले जाते आणि स्क्रू नंतर त्यातून खाली उतरतो, त्यामुळे झाकणाच्या जाडीबाहेर स्क्रू कोठे आहे याचा जुळणीवर परिणाम होत नाही.

डॉवेल मात्र आधीच उभी असते आणि झाकण तिच्यावर वरून उतरते. झाकणाच्या होलची खालची कड सर्वप्रथम डॉवेलच्या टोकाला, म्हणजे २४ मिलिमीटर उंचीला, भेटते. दोन डॉवेल एकमेकींपासून दूर झुकल्या असतील तर त्यांच्या टोकांमधले अंतर मुळांमधल्या अंतरापेक्षा जास्त असते, आणि झाकणाला पहिल्यांदा त्या वाढलेल्या अंतरातून जावे लागते. खाली बसल्यावर सगळे जुळणार असले तरी वरून आत शिरताच आले नाही तर त्याचा उपयोग काय? म्हणून एएसएमई वाय१४.५ या मानकामध्ये स्क्रूसाठी समोरच्या भागाची जास्तीत जास्त जाडी आणि डॉवेल किंवा स्टडसाठी बसवल्यानंतरची जास्तीत जास्त उंची धरायला सांगितली आहे. डॉवेलच्या टोकाला असलेली छोटी चॅम्फर थोडी मदत करते, कारण तेवढ्या भागात व्यास पूर्ण नसतो. पण ती सवलत हिशोबात न धरणे बरे. चॅम्फर झाकणाला वाट दाखवण्यासाठी असते, आणि तिचा तो उपयोग राहू द्यावा.

२० मिलिमीटरच्या उंचीवर काठोकाठ पास झालेले होल २४ वर किती वाईट असू शकते हेही काढता येते. अक्ष ए पाशी एका बाजूला ०.०२५ आणि २० वर विरुद्ध बाजूला ०.०२५ असेल तर पोझिशन बरोबर ०.०५ येते, जॉब पास. तोच अक्ष २४ वर ०.०३५ बाहेर जातो. दोन्ही डॉवेल अशा बाहेरच्या बाजूला झुकल्या तर टोकांमधले अंतर ०.०७० ने वाढते. झाकणाच्या होललाही ०.०५ ची पोझिशन सूट आहे, म्हणजे त्यांच्या केंद्रांमधले अंतर ०.०५० ने कमी असू शकते. एकूण फरक ०.१२० झाला. १०.१२ चे होल आणि १०.०१५ ची डॉवेल यांच्यातली मोकळीक मात्र ०.१०५ आहे. दोन्ही भाग ड्रॉइंगप्रमाणे पास आणि जुळणी अशक्य, असा हा प्रसंग ड्रॉइंगनेच निर्माण केलेला असतो. असे टोकाचे जोड रोज येत नाहीत, म्हणूनच तक्रार अधूनमधून उगवते आणि अधूनमधून मावळते.

येथे २४ हा आकडाही डोळे झाकून घेऊ नये. डॉवेल खालच्या पृष्ठभागाशी खरोखर सपाट येते का हे पाहावे. ती दाबताना खाली सपाट आधार असेल तर उंची डॉवेलची लांबी आणि प्लेटची जाडी यांच्या सुटींवर ठरते. आधाराऐवजी हाताच्या अंदाजाने आर्बर प्रेस थांबवला जात असेल तर एखादी डॉवेल वर २५ मिलिमीटर उभी राहू शकते. चौकटीत लिहायची ती यांतली सर्वांत मोठी उंची.

मोजणीत कोठे फसगत होते

सीएमएमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्टेड झोनचा पर्याय असेल तर तो वापरावा. नसेल किंवा त्याच्या निकालाबद्दल शंका असेल तर हाताने बांधणी करता येते. होल वर्तुळ म्हणून न घेता किमान दोन, शक्य असल्यास तीन खोलींवर मोजून दंडगोल बनवावा. त्याचा अक्ष डेटम ए च्या प्रतलाला जेथे छेदतो तो एक बिंदू, आणि ए पासून २४ मिलिमीटर वर सरकवलेल्या प्रतलाला जेथे छेदतो तो दुसरा. दोन्ही बिंदूंची पोझिशन ए, बी, सी च्या संदर्भात काढावी आणि मोठा आकडा रिपोर्टमध्ये द्यावा. माझ्या मते दोन्ही आकडे वेगवेगळ्या रकान्यांत छापावेत. निकालासाठी मोठा पुरतो, पण कारण शोधताना दोन्ही लागतात, आणि याचा उपयोग पुढे येईल.

यातली खरी अडचण अशी की खाली थोड्याशा लांबीत मोजलेली रेषा आपण वर बरीच लांब ओढतो. होलमध्ये २ आणि १४ मिलिमीटर खोलीवर वर्तुळे घेतली, म्हणजे दोघांमध्ये १२ मिलिमीटर अंतर आहे, आणि प्रत्येक केंद्रात फक्त २ मायक्रॉनची चूक आहे असे धरू. दोन्ही चुका विरुद्ध दिशेला पडल्या तर २४ मिलिमीटर उंचीवर अक्ष सुमारे ११ मायक्रॉनने चुकतो आणि पोझिशनच्या आकड्यात ती चूक २१ मायक्रॉन होते. ०.०५ च्या सुटीपैकी जवळजवळ निम्मा भाग मोजणीनेच खाल्ला. वर्तुळे १ आणि ७ मिलिमीटर खोलीवर घेतली, जसे आखूड प्रोब लावलेला असताना सहज घडते, तर तीच चूक ३७ मायक्रॉनवर जाते आणि त्या निकालाला अर्थ उरत नाही. म्हणून एकाच जॉबचे रिपोर्ट दोन लॅबमधून वेगळे आले तर वाद घालण्याआधी दोघांनी कोणत्या खोलीवर वर्तुळे घेतली ते विचारावे. रिमरच्या आत शिरण्याच्या बाजूला होल थोडे मोठे आणि तोंड पसरट असते, त्यामुळे पहिले वर्तुळ तोंडाच्या अगदी जवळ घेणेही टाळावे.

डेटम ए चे प्रतलही याच हिशोबात येते. ए वर प्रोबचे बिंदू एकमेकांच्या जवळ घेतले, किंवा एखादा बिंदू कडेला उरलेल्या धातूच्या बरवर पडला, तर प्रतल कलते आणि तो सगळा कल होलच्या नावावर लिहिला जातो. ६० मिलिमीटरच्या अंतरात १० मायक्रॉनचा कल म्हणजे २४ मिलिमीटर उंचीवर ४ मायक्रॉन. बिंदू प्लेटच्या चारही कोपऱ्यांपर्यंत पसरवावेत आणि त्याआधी पृष्ठभागावर तेलदगड फिरवून घ्यावा.

या वाढणाऱ्या चुकीवर सर्वांत साधा उपाय म्हणजे मोजणी वरच करणे. डॉवेल बसवलेला जॉब हाती असेल तर डॉवेलवर २ आणि २२ मिलिमीटर उंचीवर वर्तुळे घ्यावीत. आता २४ पर्यंत रेषा फक्त २ मिलिमीटर ओढायची आहे, आणि केंद्रातल्या २ मायक्रॉनच्या चुकीचे वर अडीच मायक्रॉनही होत नाहीत. मात्र ड्रॉइंगची अट होलवर आहे, डॉवेलवर नाही, त्यामुळे डॉवेल वाईट आली म्हणून होल करणाऱ्याला लगेच दोषी धरता येत नाही. डॉवेल बसवण्याआधी होल तपासायचे असेल तर होलमध्ये घट्ट जाणारी गेज पिन घालून तिच्यावर मोजावे. पिन संचातली जाईल ती सर्वांत मोठी निवडावी, कारण २ मायक्रॉनची मोकळीकही २४ मिलिमीटर उंचीवर टोकाला दोन्ही बाजूंना चार-चार मायक्रॉन हलू देते. पिन एकदा एका बाजूला आणि एकदा दुसऱ्या बाजूला टेकवून घेतलेल्या दोन वाचनांची सरासरी धरली तर हा दोषही बराच कमी होतो. मुंबईच्या पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या गेज पिनांवर गंजाचा बारीक थर बसतो आणि तो नेमका याच प्रमाणात फसवतो, तेव्हा पिन पुसून, तिचा व्यास मायक्रोमीटरने एकदा पाहून मगच ती वापरावी.

सीएमएम हाताशी नसताना गाळ्यातही प्राथमिक छाननी करता येते. ए पृष्ठभाग अँगल प्लेटला टेकवून जॉब सरफेस प्लेटवर बांधावा, म्हणजे गेज पिन आडवी येते. मग हाइट गेजला लावलेल्या लिव्हर डायलने पिनची वरची रेघ मुळाशी आणि टोकाशी पाहावी. दोन वाचनांतला फरक म्हणजे त्या दिशेतला कल. जॉब नव्वद अंशांत फिरवून दुसरी दिशा घ्यावी. पोझिशन याने मिळत नाही, पण कल मिळतो, आणि या तक्रारीत बहुधा तोच दोषी असतो.

पोझिशनच्या चौकटीत वर्तुळातला एम असेल तर होलच्या मापावरून अधिक सूट मोजण्याचा मोह होतो. प्रेस फिटमध्ये डॉवेल होल भरून बसते, सरकायला जागा राहत नाही, त्यामुळे मोठ्या होलने जुळणीला काहीच मदत होत नाही. असे ड्रॉइंग आले तर ती अधिक सूट वापरून जॉब पास करण्याऐवजी ड्रॉइंग करणाऱ्याकडे लेखी विचारणा करावी.

कल कोठून आला

ए पाशी आणि उंचीवर असे दोन्ही आकडे रिपोर्टमध्ये असले की कारणाकडे जाणारी वाट बरीच स्पष्ट होते. दोन्ही पातळ्यांवर सरक सारखीच असेल तर कल नाही, होल नुसते जागेवरून सरकले आहे. मशिनचा ऑफसेट, किंवा तापमान. गाळ्यात ३२ अंशांवर असलेला जॉब २० अंशांच्या लॅबमध्ये नेऊन लगेच मोजला तर १५० मिलिमीटर अंतरावरच्या दोन होलमधले अंतर पोलादात सुमारे २० मायक्रॉनने जास्त दिसते. तापमान अक्षाला कलवत नाही, ते दोन्ही पातळ्यांना सारखेच सरकवते, म्हणून असा रिपोर्ट आल्यास जॉब लॅबमध्ये काही तास ठेवून पुन्हा मोजणे एवढाच इलाज आहे.

ए पाशी आकडा छोटा आणि वर मोठा असेल तर कल आहे. मग पुढचा प्रश्न असा की होल कललेले आहे की फक्त डॉवेल. होल बसवणीआधी बरोबर आणि डॉवेल नंतर तिरकी असेल तर दोष दाबण्यात आहे. होलच्या तोंडाशी चॅम्फर नसणे, बर राहणे, किंवा आर्बर प्रेसच्या रॅमखाली डॉवेल सरळ धरायला मार्गदर्शक बुश नसणे ही त्याची नेहमीची कारणे असतात. सुरुवातीला तिरकी शिरलेली डॉवेल ताणाखाली थोडी सरळ होते, पूर्ण होत नाही, आणि होलचे तोंड एका बाजूला चेपून जाते. डॉवेल काढून तोंड भिंगाखाली पाहिले तर ही खूण स्पष्ट दिसते.

होलच कललेले असेल तर लॉटमधल्या दहा-बारा जॉबचे कल एकाच दिशेला आहेत का ते पाहावे. सगळे एकाच बाजूला झुकत असतील तर दोष बांधणीत आहे. अशा वेळी बहुतेकदा असे आढळते की होल केले तेव्हा जॉब ए च्या विरुद्ध, न घासलेल्या किंवा वेगळ्या सेटिंगमध्ये घासलेल्या पृष्ठभागावर टेकलेला होता आणि ए चा पृष्ठभाग नंतर तयार झाला. दोन पृष्ठभाग समांतर नसतील तेवढा कल होलमध्ये येतो. वाईसमध्ये जॉबखाली अडकलेली एक बारीक चिपही एवढ्यासाठी पुरेशी असते, फक्त तिचा परिणाम सर्व जॉबवर न दिसता दोन-चार सलग जॉबवर दिसतो. उपाय म्हणजे ए पृष्ठभाग आणि दोन्ही होल एकाच बांधणीत करणे. मग समांतरतेचा प्रश्नच मधून निघून जातो.

कल वेगवेगळ्या दिशांना विखुरलेले असतील तर ड्रिल भटकत आहे. अनेकांची समजूत अशी असते की नंतर रिमर फिरवल्याने होल सरळ होते. रिमर आधीच्या होलच्या मागे जातो, त्याचा व्यास आणि भिंत सुधारतो, पण कल जसाच्या तसा ठेवतो. कल घालवायचा असेल तर ड्रिल आणि रिमर यांच्या मध्ये एकदा बोरिंग करावे किंवा एंड मिलने होल गोलाकार वाटेने मोठे करावे, आणि रिमरसाठी फक्त एक-दोन दशांश मिलिमीटर माल ठेवावा. सायकलला काही सेकंद वाढतात म्हणून सेटर कुरकुर करतील. रिजेक्ट झालेल्या प्लेटच्या किमतीशी तुलना करून त्यांना हा आकडा दाखवावा.

झाकणाचे होल मोठे करणे

फिटरने शोधलेला रिमरचा उपाय आकड्यांत बसवून पाहिला तर त्याची किंमत कळते. एएसएमई वाय१४.५ च्या परिशिष्टात उभ्या स्थिर पिनसाठी झाकणाच्या होलचे किमान माप काढण्याची दोन सूत्रे आहेत. पहिले प्रोजेक्टेड झोन असताना आणि दुसरे तो नसताना:

```
H = F + T1 + T2
H = F + T1 + T2 × (1 + 2P/D)
```

यात H म्हणजे झाकणाच्या होलचा किमान व्यास, F म्हणजे डॉवेलचा कमाल व्यास, T1 आणि T2 म्हणजे झाकणाच्या आणि तळाच्या होलच्या पोझिशन सुटी, P म्हणजे डॉवेलची कमाल उंची आणि D म्हणजे ती जेवढ्या जाडीत धरली आहे ती किमान जाडी. आपल्या जॉबमध्ये पहिल्या सूत्राने १०.०१५ + ०.०५ + ०.०५, म्हणजे १०.११५ येते, आणि ड्रॉइंगवरचे १०.१२ त्यातूनच आलेले आहे. चौकटीतला वर्तुळातला पी काढून टाकला तर दुसऱ्या सूत्रातला कंस ४ होतो, कारण २ × २४ / १६ म्हणजे ३, आणि होल १०.२६५ करावे लागते. जुळणी होईल, पण झाकण आणखी ०.१५ मिलिमीटर सैल हलेल. ज्या झाकणावर सेन्सर किंवा बेअरिंगची जागा आहे त्याला हे चालत नाही. नुसते संरक्षक झाकण असेल तर मात्र हा मार्ग स्वस्त आहे, आणि तेव्हा पी ची अट ठेवून तळाच्या होलवर उगाच खर्च करण्यापेक्षा झाकणाचे होल मोकळे करणेच शहाणपणाचे. तो निर्णय मात्र ड्रॉइंगवर व्हावा, जुळणीच्या टेबलावर नव्हे.

आपल्या जॉबसाठी केलेला बदल छोटा होता. चौकटीतली उंची २० ऐवजी २४ झाली, पोझिशनची सूट ०.०५ च राहिली, आणि ड्रॉइंगवर साखळी रेषा काढून दिशा दाखवली गेली. जुळणीच्या ठिकाणी २४ मिलिमीटर जाडीची, डेटमच्या टेकूंवर बसणारी आणि १०.०६५ व्यासाची दोन होल असलेली एक गेज प्लेट ठेवली आहे. १०.०६५ म्हणजे डॉवेलचा कमाल व्यास १०.०१५ अधिक पोझिशन सूट ०.०५. डॉवेल बसवलेल्या तळावर ही प्लेट ए पर्यंत टेकली तर जुळणीची काळजी उरत नाही. बारीक बाजूच्या डॉवेलला ही गेज थोडी अधिक सूट देते, त्यामुळे तिच्यावरून होलच्या पोझिशनचा आकडा सिद्ध होत नाही आणि वाद झाल्यास सीएमएमचाच रिपोर्ट धरावा लागतो. गेज अडली तर ती मुळाशी अडली की टोकाशी, आणि कोणत्या बाजूला, एवढे फिटरने जॉबवर खडूने लिहून ठेवायचे आहे. त्या खुणेवरून पुढची मोजणी कोठून सुरू करायची हे ठरते.